पगार वाढला की हातात कमी येतो का? स्लॅबचं गणित नीट मांडून पाहू



जानेवारी-फेब्रुवारी आला की आपल्या शाळांमध्ये एकच विषय असतो. इन्कम टॅक्सचं विवरणपत्र. कुणाचा पॅन नंबर चुकलेला असतो, कुणाची बँकेच्या व्याजाची रक्कम राहिलेली असते, आणि कुणीतरी कपाळाला हात लावून बसलेलं असतं. यंदा आमच्या कुरुंद्यात कपाळाला हात लावून बसलेले होते माझ्या ओळखीतले एक ज्येष्ठ सर. नोकरीची सव्वीस वर्षं झालेली. मुख्याध्यापकपदाची पदोन्नती घेतली, त्यात जुलैची वेतनवाढ आणि महागाई भत्त्याची भर. मला म्हणाले, "मॅडम, ही पदोन्नती नाकारली असती तर बरं झालं असतं बघा. वरच्या स्लॅबमध्ये गेलो अन् होतं तेही घालून बसलो."

सरांनी कागद पुढे केला. पदोन्नती न घेता त्यांचा वर्षाचा एकूण पगार झाला असता १२,६०,००० रुपये, आणि त्यावर टॅक्स शून्य. पदोन्नती घेतल्यामुळे पगार झाला १३,००,००० रुपये. आणि कागदावर टॅक्स दिसत होता ६६,३०० रुपये. म्हणजे वाढ चाळीस हजारांची आणि टॅक्स सहासष्ट हजारांचा. वर सव्वीस हजार तीनशेचा तोटा. कागद पाहिला तर सरांचं म्हणणं खरंच वाटावं असा होता.

पण तो कागद चुकीचा होता. कुठे चुकीचा, आणि "पगार वाढला की हातात कमी येतो" ही आपल्यातली पक्की समजूत किती खरी, किती खोटी, हे आज मांडते. माझं मत आधीच सांगते: स्लॅबमुळे हातातला पगार कधीच घटत नाही. घटतो तो दुसऱ्या एका कारणाने, तोही फार थोड्या ठिकाणी आणि फार थोडा. आणि त्यासाठी पदोन्नती सोडणं म्हणजे चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला.

आधी स्लॅब म्हणजे काय

२०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीचे दर असे आहेत. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांच्या मधल्या रकमेवर ५ टक्के. ८ ते १२ लाखांच्या मधल्या रकमेवर १० टक्के. १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, १६ ते २० लाखांवर २० टक्के, २० ते २४ लाखांवर २५ टक्के आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के.

इथे "मधल्या रकमेवर" हे शब्द अधोरेखित करा. सगळी गफलत तिथेच होते. आपण वाचतो "१२ ते १६ लाख, १५ टक्के" आणि मनात धरतो की १२ लाखांच्या वर गेलेल्या माणसाच्या सगळ्या पैशावर १५ टक्के. तसं नाही. दर माणसाला लागत नाही, पैशाच्या त्या थराला लागतो. तुमचे पहिले चार लाख सगळ्यांसारखेच बिनटॅक्सचे राहतात. पुढचे चार लाख सगळ्यांसारखेच ५ टक्क्यांचे राहतात. वरच्या थरात जेवढे रुपये गेले, तेवढ्यांनाच वरचा दर.

पालकांना हे विजेच्या बिलावरून लगेच कळतं. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर वेगळा, १०१ ते ३०० युनिटचा वेगळा. १०१ वं युनिट जळलं म्हणून मागची शंभर युनिटं महाग होत नाहीत. बिलाच्या मागच्या बाजूला बघा, दोन्ही थर वेगवेगळे मांडून शेवटी बेरीज केलेली असते. टॅक्सचंही अगदी तसंच.

आता आकड्यात बघू. मुद्दाम १६ लाखांच्या कडेचं उदाहरण घेते, कारण तिथे दुसरी कुठलीच सूट मध्ये येत नाही आणि स्लॅब एकटा दिसतो. समजा एकाचं करपात्र उत्पन्न १५,९०,००० आहे. ४ ते ८ च्या थराचे २०,०००, ८ ते १२ च्या थराचे ४०,०००, आणि १२ लाखांच्या वरच्या ३,९०,००० वर १५ टक्क्यांनी ५८,५००. एकूण १,१८,५००. आता उत्पन्न वीस हजारांनी वाढून १६,१०,००० झालं. पहिले दोन थर तेच, २०,००० आणि ४०,०००. तिसरा थर पूर्ण भरला, ६०,०००. चौथ्या थरात फक्त १०,००० गेले, त्यावर २० टक्क्यांनी २,०००. एकूण १,२२,०००.

टॅक्स वाढला ३,५००. त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर धरला तर ३,६४०. वीस हजारांची वाढ झाली, त्यातले १६,३६० रुपये हातात आले. स्लॅब ओलांडला, तरी हातातला पगार वाढलाच.

आणि चुकीच्या रीतीने केलं तर? १५,९०,००० चे सरसकट १५ टक्के २,३८,५००, आणि १६,१०,००० चे सरसकट २० टक्के ३,२२,०००. वीस हजारांच्या वाढीला साडेत्र्याऐंशी हजारांचा जादा टॅक्स! हे गणित डोक्यात असेल तर माणूस वेतनवाढीला घाबरणारच. पण असा टॅक्स कुणी लावत नाही.

मग सरांच्या कागदावर तोटा आला कुठून?

सरांनी सरसकट टक्के लावले नव्हते. एका ग्रुपवर फिरणाऱ्या एक्सेल शीटमध्ये त्यांनी आकडे भरले होते आणि शीटने थरांचं गणित बरोबर केलं होतं. चूक थरांच्या पुढची होती.

आपल्या लोकांनी ऐकलेलं असतं की "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही" आणि नोकरदाराला "पावणेतेरा लाखांपर्यंत नाही". हे स्लॅबमुळे नाही. स्लॅबने बघितलं तर १२ लाखांवर २०,००० अधिक ४०,००० असा ६०,००० टॅक्स होतोच. पण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली तो सगळा माफ होतो. नोकरदाराला त्याआधी ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून एकूण पगार १२,७५,००० पर्यंत शून्य टॅक्स.

आता खरा धोक्याचा प्रश्न. करपात्र उत्पन्न १२ लाख एक हजार झालं तर? माफी १२ लाखांपर्यंतच आहे. मग एका हजारासाठी साठ हजारांची माफी गेली का? कायदा इथेच थांबला असता तर सरांची भीती शंभर टक्के खरी ठरली असती. म्हणून नव्या करप्रणालीत एक तरतूद ठेवली आहे, तिला मार्जिनल रिलीफ म्हणतात. मराठीत तिला कडेची सूट म्हणू. तिचा नियम एका वाक्याचा आहे: १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम आहे, त्यापेक्षा जास्त टॅक्स घ्यायचा नाही. १२ लाखांच्या वर एक हजार असतील तर टॅक्स एक हजार. पंचवीस हजार असतील तर पंचवीस हजार.

आता सरांचं गणित पूर्ण करू. एकूण पगार १३,००,०००. वजावट ७५,०००. करपात्र १२,२५,०००. थरांप्रमाणे टॅक्स २०,००० अधिक ४०,००० अधिक २५,००० चे १५ टक्के म्हणजे ३,७५०. एकूण ६३,७५०. १२ लाखांच्या वरची रक्कम २५,०००. टॅक्स तिच्यापेक्षा जास्त होतोय, म्हणून टॅक्स २५,००० वर थांबवायचा. त्यावर ४ टक्के उपकर १,०००. एकूण २६,०००.

सरांच्या शीटमध्ये मार्जिनल रिलीफची ओळच नव्हती. ६३,७५० वर थेट उपकर लावून तिने ६६,३०० काढले. खरा आकडा २६,०००. वाढ चाळीस हजारांची, टॅक्स सव्वीस हजार, हातात चौदा हजार जास्त. तोटा नाहीच.

याचा ताळा करणं सोपं आहे. करपात्र उत्पन्नातून १२ लाख वजा करा. तुमच्या विवरणपत्रावरचा टॅक्स, उपकर लावण्याआधीचा, या उत्तरापेक्षा जास्त असेल तर सूट धरायची राहिली आहे. सरांच्या बाबतीत २५,००० पेक्षा ६३,७५० जास्त, म्हणजे चूक. हा ताळा करपात्र १२,७०,५८८ पर्यंत लागतो, म्हणजे एकूण पगार साधारण १३,४५,५८८ पर्यंत. त्याच्या पुढे थरांचं गणितच कमी येतं, म्हणून सुटीची गरज राहत नाही. आणि कापाकापी होऊन गेली असेल तरी पैसे बुडत नाहीत. रिटर्न भरताना बरोबर हिशेब होतो आणि जादा कापलेली रक्कम परत मिळते. पण परत मिळेपर्यंत चाळीस हजार रुपये अडकून राहतात, हे का सोसायचं?

आता थोडं खरं, जे लपवून चालणार नाही

वर मी म्हणाले की थोड्या ठिकाणी हातातला पगार घटतो. ते ठिकाण हेच. तुमचा पगार बरोबर १२,७५,००० असेल आणि त्यात पंचवीस हजारांची वाढ झाली, तर टॅक्स पंचवीस हजार आणि वर उपकर एक हजार. म्हणजे हजार रुपये पदरचे गेले. या पट्ट्यात वाढीच्या प्रत्येक शंभर रुपयांवर १०४ रुपये जातात, कारण उपकर सूट धरल्यानंतर लागतो.

पण हा खड्डा किती खोल आहे तेही मोजू. सगळ्यात जास्त घट एकूण पगार १३,४५,५८८ च्या आसपास येते, आणि ती वर्षाला साधारण २,८२३ रुपये. महिन्याला अडीचशेच्या खाली. १३,४९,००० च्या पुढे पगार गेला की तुम्ही पुन्हा वर आलात, आणि तिथून प्रत्येक जादा शंभरातले ८४ रुपये ४० पैसे तुमचे. म्हणजे साठ हजारांच्या भीतीमागचा सगळ्यात मोठा खरा आकडा तीन हजारांच्याही आत आहे.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना मात्र जपून राहायला सांगेन. तिथे करपात्र उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १२,५०० चा टॅक्स माफ होतो, पण तिथे मार्जिनल रिलीफ नाही. करपात्र रक्कम ५,००,००० ला टॅक्स शून्य, आणि ५,००,१०० झाली की १२,५०० अधिक वरच्या शंभरावर २० टक्क्यांनी २० रुपये, शिवाय उपकर. एकूण जवळपास १३,०२० रुपये. शंभर रुपयांसाठी तेरा हजार! "पगार वाढला अन् तोटा झाला" ही म्हण आपल्यात रुजली ती मला वाटतं अशाच अनुभवांतून. ती खोटी नाही, पण तीही स्लॅबची करामत नाही, माफीच्या कडेची आहे. तिथे उपाय पदोन्नती नाकारण्याचा नसतो. ३१ मार्चच्या आत कलम ८०सी ची मर्यादा शिल्लक असेल तर थोडी गुंतवणूक वाढवायची, किंवा दोन्ही प्रणालींचं गणित शेजारी-शेजारी मांडून नवी घ्यायची. एवढ्या उत्पन्नाला नव्या प्रणालीत बहुतेक वेळा टॅक्स शून्यच येतो.

"पण फेब्रुवारीत माझा पगार खरंच कमी आला!"

हे मला हमखास ऐकवलं जातं. आणि तेही खरं असतं. पण त्याचं कारण पाहा. वर्षभराचा टॅक्स दर महिन्याला सरासरीने कापायचा असतो. आपल्यापैकी बरेच जण एप्रिलमध्ये अंदाज देत नाहीत, महिन्याला हजार-पाचशे कापून घेतात आणि उरलेला सगळा टॅक्स जानेवारी-फेब्रुवारीच्या पगारातून जातो. वर फेब्रुवारीत व्यवसायकरही दोनशेऐवजी तीनशे. मग त्या महिन्याचा पगार हातात आला की वाटतं, वेतनवाढ महागात पडली. बारा महिन्यांचं ओझं दोन महिन्यांनी उचललं, एवढंच झालेलं असतं. म्हणून तुलना फेब्रुवारीच्या पगाराची जानेवारीशी करायची नाही. पूर्ण वर्षाचा पगार वजा पूर्ण वर्षाचा टॅक्स, अशी करायची. फॉर्म १६ हातात आला की दोन वर्षांचे दोन फॉर्म शेजारी ठेवा.

दुसरी गोष्ट फरकाच्या बिलाची. वरिष्ठ वेतनश्रेणी उशिरा मंजूर झाली की तीन-चार वर्षांचा फरक एकाच वर्षात पडतो आणि त्या वर्षाचं उत्पन्न फुगतं. त्यासाठी कलम ८९ ची सवलत आहे. फरक ज्या-ज्या वर्षाचा आहे, त्या-त्या वर्षात मिळाला असता तर किती टॅक्स पडला असता, ते काढून जादा बोजा कमी करता येतो. पण रिटर्न भरण्याच्या आधी आयकराच्या पोर्टलवर फॉर्म १०ई भरावा लागतो. तो राहिला तर सवलत नामंजूर होते. आमच्याकडे हा फॉर्म विसरणारे जितके पाहिले, तितके स्लॅबने बुडालेले पाहिले नाहीत.

पदोन्नती नाकारण्याची खरी किंमत

समजा सरांनी पदोन्नती सोडली असती. वर्षाचे चौदा हजार गेले असते, हे तर दिसतंच. पण वाढ मूळ वेतनात होते, आणि मूळ वेतनावर महागाई भत्ता चढतो, घरभाडं चढतं, पुढच्या जुलैची वेतनवाढ चढते. जुनी पेन्शन असेल तर निवृत्तीवेतन शेवटच्या मूळ वेतनावर ठरतं. एनपीएस असेल तर शासनाचा हिस्साही मूळ वेतन अधिक महागाई भत्त्यावर मोजतात. टॅक्स फक्त त्या वर्षाचा असतो, मूळ वेतन मात्र जन्माचं सोबत येतं. एका चुकलेल्या शीटवर विसंबून कुणी हे सोडलं, तर त्याची भरपाई पुढे कुठल्याही रिटर्नने होत नाही.

मला यात आपलीही थोडी चूक दिसते. आपण वर्गात शेकडेवारी शिकवतो ती अशी: रक्कम दिली, दर दिला, गुणा आणि शंभराने भागा. एकच दर, पूर्ण रकमेवर. थराथराने दर लावायचं उदाहरण आपण मुलांना फारसं देतच नाही. मग तीच मुलं मोठी होऊन स्लॅबचा तक्ता वाचतात आणि पूर्ण रकमेला वरचा दर लावतात. यंदा मी मुलांना घरचं विजेचं बिल आणायला सांगितलं आणि फळ्यावर दोन थर वेगळे काढून बेरीज करायला लावली. "बाई, मग एक युनिट जास्त जळलं तर एकाच युनिटाचे पैसे जास्त?" असं एका मुलीने विचारलं. तिला जे एका तासात कळलं, तेच सरांना सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं.

सरांनी नंतर सुधारलेलं विवरणपत्र दिलं. टॅक्स २६,००० लागला. मला म्हणाले, "तरी मॅडम, चाळीसातले सव्वीस गेलेच की." गेले, हे खरं आहे. या पट्ट्यात सरकार वाढीतला फार मोठा वाटा घेतं, आणि ही सूट अशी एकदम संपण्याऐवजी हळूहळू उतरती असायला हवी, असं माझंही मत आहे. त्यावर बोलू, संघटनेतही मांडू. पण चौदा हजार घरी आले आहेत, तोटा झालेला नाही, हे आधी मान्य करून मग बोलू.